पीएचडीचं पहिलं वर्ष: तीन लॅब, एक गाइड आणि दीड-दोन वर्षांनी येणारी परीक्षा

'पीएचडी करतेय' असं सांगितलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'गाइड कोण?' आणि उत्तर 'अजून ठरायचंय' असं आलं की घरचे काळजीत पडतात. प्रवेश मिळाला, फेलोशिप सुरू झाली, पण गाइड नाही, विषय नाही. मग ही नेमकी कसली पीएचडी?

मीरा रोडच्या शांती नगरमधून रुईया, झेवियर्स किंवा मिठीबाईत जाऊन बीएस्सी-एमएस्सी करणारी बरीच मुलं आता टीआयएफआर, आयसर पुणे किंवा थेट अमेरिकेतल्या विद्यापीठांसाठी अर्ज करतात. यातल्या अनेक कार्यक्रमांमध्ये, विशेषतः जीवविज्ञानात, पहिलं वर्ष वेगवेगळ्या प्रयोगशाळा फिरण्यात जातं. याला लॅब रोटेशन म्हणतात. त्यानंतर साधारण दीड ते दोन वर्षांच्या सुमारास एक मोठी परीक्षा असते. कुठे तिला क्वालिफाइंग म्हणतात, कुठे कॉम्प्रिहेन्सिव्ह.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे बहुतेकांना उशिरा कळतं. रोटेशन ही जणू ओळखीची सहल आणि परीक्षा ही नंतरची डोकेदुखी, असं धरून चाललं की दुसऱ्या वर्षी धावपळ होते. म्हणून हे पहिलं दीड-दोन वर्षांचं गणित नीट समजून घेऊया.

आधी गाइड की आधी प्रवेश?

आपल्या ओळखीची पद्धत विद्यापीठाची आहे. मुंबई विद्यापीठात पीएचडीला बसायचं तर प्रवेश परीक्षा द्यायची किंवा नेट-सेटसारखी पात्रता दाखवायची, मान्यताप्राप्त गाइडकडे जागा मिळवायची आणि विषय समितीपुढे मांडायचा. इथे गाइड आणि विषय सुरुवातीलाच ठरतात. विद्यार्थी ज्या लॅबमध्ये पहिल्या दिवशी जातो, तिथेच शेवटपर्यंत राहतो.

रोटेशनच्या पद्धतीत प्रवेश विभागाकडून मिळतो, एका प्राध्यापकाकडून नाही. कुलाब्याच्या टीआयएफआरच्या जीवविज्ञान विभागात विद्यार्थी पहिल्या वर्षी कोर्सवर्क करतात आणि सोबत वेगवेगळ्या प्रयोगशाळांमध्ये काही आठवडे काम करतात. गाइड ठरतो तो त्यानंतर. आयसर पुणेच्या एकात्मिक पीएचडीतही रोटेशनची पद्धत आहे. अमेरिकेत जीवविज्ञानाच्या बहुतेक मोठ्या कार्यक्रमांमध्ये हेच होतं, साधारण तीन रोटेशन, प्रत्येकी आठ ते दहा आठवडे.

पद्धत निवडीसाठी चांगली आहे, पण तिची एक किंमत आहे. विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला विषय पहिल्या महिन्यात मिळतो, रोटेशनवाल्याला सात-आठ महिन्यांनी. परीक्षेचं घड्याळ मात्र दोघांसाठी प्रवेशाच्या दिवसापासूनच चालू होतं.

रोटेशन म्हणजे इंटर्नशिप नाही

एमएस्सीचा प्रकल्प किंवा उन्हाळी इंटर्नशिप केलेल्यांना वाटतं की रोटेशनही तसंच असेल. दिलेलं काम करायचं, शेवटी रिपोर्ट द्यायचा, जमलं तर पेपरमध्ये नाव. हा समज घेऊन आत गेलात तर चुकीच्या गोष्टीसाठी मेहनत कराल.

रोटेशनमध्ये दोन्ही बाजू एकमेकांना पाहत असतात. तुम्हाला पुढची चार-पाच वर्षं या लॅबमध्ये काढता येतील का, हे तुम्ही पाहताय. तुम्ही प्रयोग नीट आखता का, चुकलं तर सांगता का, हे लॅबही पाहतेय. मोठा निकाल मिळावा अशी कुणाची अपेक्षा नसते, कारण दहा आठवड्यांत तो येतच नाही.

म्हणून रोटेशनचा प्रश्न लहान हवा, त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं येणारं हवं, आणि 'नाही' आलं तरी ते विश्वासार्ह वाटायला हवं. तो किती लहान असावा हे तुमच्या हुशारीवर नाही, ज्या प्राण्यावर काम करायचं त्याच्या आयुष्याच्या वेगावर ठरतं.

दहा आठवड्यांत काय बसतं?

एक उदाहरण घेऊया. समजा एका विद्यार्थिनीने पहिलं रोटेशन फळमाशीवर काम करणाऱ्या लॅबमध्ये घेतलं. पिकलेल्या केळ्यावर घोंगावणारी ती छोटी माशी म्हणजे ड्रोसोफिला. टीआयएफआरला तिचा जुना इतिहास आहे. होमी भाभांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये तिथे रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. पुढे त्यांनी अमेरिकेतल्या सीमोर बेन्झर यांच्यासोबत, तापमान वाढलं की लुळ्या पडणाऱ्या उत्परिवर्ती माश्यांवर काम केलं. मज्जातंतूंचं काम समजून घेण्यासाठी माशी वापरण्याची परंपरा तिथे तेव्हापासून आहे.

आपल्या विद्यार्थिनीला प्रश्न मिळाला तो असा: अमुक एक जनुक माशीच्या मज्जापेशींमध्ये बंद केलं तर माशीची चढण्याची क्षमता कमी होते का? यासाठी दोन प्रकारच्या माश्यांचा संकर करावा लागतो. एका जातीत जनुक कुठल्या पेशींत बंद करायचं याची सूचना असते, दुसऱ्या जातीत ते बंद करणारा तुकडा असतो. दोन्ही एकत्र आलेल्या पिल्लांमध्येच जनुक बंद होतं.

२५ अंश तापमानात अंड्यापासून माशी व्हायला साधारण दहा दिवस लागतात. मग त्या माश्या पाच दिवस वाढवायच्या आणि नंतर चाचणी घ्यायची. चाचणी सोपी आहे. काचेच्या नळीत वीस माश्या सोडायच्या, नळी हलकेच आपटून त्या तळाला पाडायच्या आणि दहा सेकंदांत ठरावीक रेषेच्या वर किती जातात ते मोजायचं. म्हणजे संकर लावल्यापासून आकडे हातात येईपर्यंत किमान पंधरा-सोळा दिवस. हा वेग तुमच्या मेहनतीने वाढत नाही.

आता आठवडे मोजा. पहिले दोन आठवडे माश्या ओळखायला, नर-मादी वेगळे करायला आणि आधीचे पेपर वाचायला जातात. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या आठवड्याच्या सुरुवातीला एकेक संकर लावला तर चाचण्या पाचव्या ते आठव्या आठवड्यात येतात. नववा आठवडा आकडे मांडायला, दहावा सादरीकरणाला. तीनदा केलेला एकच प्रयोग, एवढंच दहा आठवड्यांत व्यवस्थित बसतं. एकदा फसला तरी दोनदा होईल एवढी मोकळीक यात आहे. याच वेळेत कुणी तीन वेगळे प्रश्न घेतले, तर तिन्ही अर्धवट राहतात.

लोकलचं वेळापत्रक आणि माशीचं वेळापत्रक

या प्रयोगात एक अडचण आहे, ती मीरा-भाईंदरहून जाणाऱ्यांनी आधीच समजून घ्यायला हवी. संकरासाठी मादी अजून मीलन न झालेली लागते, नाहीतर पिल्लं भलत्याच नराची निघतात. २५ अंशांवर कोशातून बाहेर आलेली मादी साधारण आठ तास मीलन करत नाही. म्हणून सकाळी बाटलीतल्या सगळ्या माश्या काढून टाकायच्या आणि आठ तासांच्या आत परत येऊन नव्या माद्या वेचायच्या. रात्री बाटली १८ अंशांवर ठेवली तर हा वेळ जवळपास दुप्पट होतो, म्हणजे सकाळी येऊन पुन्हा वेचता येतं. पण त्यासाठी सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही वेळा लॅबमध्ये असावं लागतं, अनेकदा रविवारीही.

मीरा रोडहून चर्चगेट आणि तिथून बसने नेव्ही नगर, हा घर ते लॅब प्रवास एका बाजूने दोन तासांच्या आसपास जातो. कॉलेजला हे चालून जातं, कारण लेक्चर चुकलं तर नोट्स मिळतात. चुकलेल्या आठ तासांच्या नोट्स मिळत नाहीत. म्हणून 'घर मुंबईतच आहे, हॉस्टेल कशाला' असा विचार निदान पहिल्या वर्षी करू नये. हॉस्टेल मिळत असेल तर घ्या, रविवारी घरी जा.

चूक झाली हे कळतं कसं? वेचलेल्या माद्या नराशिवाय दोन-तीन दिवस वेगळ्या नळीत ठेवायच्या. नळीत अळ्या दिसल्या तर त्यातल्या काही माद्यांचं मीलन आधीच झालेलं होतं. ही साधी तपासणी न करता संकर लावला तर चूक दोन आठवड्यांनी कळते, किंवा कळतच नाही.

'नाही' उत्तर आलं तर रोटेशन वाया गेलं का?

समजा नेहमीच्या माश्यांपैकी ७० टक्के रेषेच्या वर गेल्या आणि जनुक बंद केलेल्यांपैकी ६६ टक्के. फरक आहे असं वाटतं. पण या प्रयोगात तुलनेसाठी दोन गट लागतात, कारण संकरातल्या दोन्ही जातींचा स्वतःचा काही परिणाम असू शकतो. पहिल्या गटाचे ७० टक्के आणि दुसऱ्या तुलना-गटाचे ६४ टक्के आले असतील, तर ६६ हा आकडा त्या दोघांच्या मधला आहे. म्हणजे फरक दिसला असं म्हणता येत नाही.

त्यावर पुढचा प्रश्न: जनुक खरंच बंद झालं होतं का? ते मोजलं नसेल तर 'परिणाम नाही' आणि 'प्रयोगच झाला नाही' यांत फरक करता येत नाही. ज्या जनुकाचा परिणाम आधीपासून माहीत आहे, त्यावर हीच चाचणी सोबत केली असती तर पद्धत काम करते हे तरी कळलं असतं.

शेवटच्या सादरीकरणात विद्यार्थिनीने एवढं नीट सांगितलं, तर रोटेशन यशस्वी झालं. 'निकाल आला नाही' म्हणून खंत करणारे विद्यार्थी नेमकं हेच सांगायचं राहून देतात. आणि पुढे परीक्षेत समिती असेच प्रश्न विचारते.

सगळ्या लॅबचं घड्याळ सारखं नसतं

माशीच्या जागी उंदीर असता तर? उंदराची गर्भावस्था साधारण तीन आठवड्यांची, पिल्लं आईपासून वेगळी करायला आणखी तीन आठवडे, आणि ती प्रौढ होतात सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर. म्हणजे एक संकर लावून त्याची प्रौढ पिल्लं मिळेपर्यंतच रोटेशन संपतं. शिवाय उंदरांवरच्या कुठल्याही प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते, आणि ती आयत्या वेळी मिळत नाही.

याचा अर्थ उंदरांच्या लॅबमध्ये रोटेशन करू नये असा नाही. तिथे आधीच वाढवलेल्या प्राण्यांवर, साठवलेल्या ऊतींवर किंवा आधीच नोंदलेल्या आकड्यांवर करता येईल असा प्रश्न मागावा. याउलट जिवाणूंची संख्या चांगल्या परिस्थितीत वीस-तीस मिनिटांत दुप्पट होते. तिथे एका आठवड्यात तीन प्रयोग बसतात, आणि मोठा प्रश्न घेता येतो.

आणखी एक साधा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा: 'या प्रयोगाला लागणारं सगळं लॅबमध्ये आहे का?' परदेशातून येणारी एखादी अँटिबॉडी मागवायची असेल तर खरेदीची प्रक्रिया आणि वाहतूक यांत कित्येक आठवडे जाऊ शकतात. ती येईपर्यंत थांबणारं रोटेशन तुम्हाला लॅबबद्दल काहीच शिकवत नाही.

लॅब निवडताना काय पाहायचं?

तीन रोटेशन झाली की निवड करायची वेळ येते. इथे विद्यार्थी बहुतेक वेळा विषय आणि गाइडचं नाव पाहतात. दोन्ही महत्त्वाचं आहे, पण तीन गोष्टी त्याआधी तपासायला हव्यात.

पहिली म्हणजे जागा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार पीएचडी विद्यार्थी असू शकतात. ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला आहे, त्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. संशोधन संस्थांची स्वतःची मर्यादाही असते. म्हणून रोटेशन सुरू करण्याआधीच विचारा: 'या वर्षी तुम्ही विद्यार्थी घेणार आहात का, किती, आणि त्या जागेसाठी आणखी किती जण रोटेशन करतायत?' हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. जिथे जागाच नाही तिथे एक रोटेशन घालवणं म्हणजे तीनपैकी एक संधी गमावणं.

दुसरी म्हणजे पैसा, आणि यात संस्थेनुसार मोठा फरक आहे. टीआयएफआर अणुऊर्जा विभागाखाली येते आणि विद्यार्थ्यांची फेलोशिप संस्था देते. तिथे गाइडचा प्रकल्प संपला म्हणून तुमचं विद्यावेतन थांबत नाही. विद्यापीठात नेट-जेआरएफ असेल तर फेलोशिप तुमच्या नावावर असते. पण कुणाच्या प्रकल्पातून पैसे मिळणार असतील, तर प्रकल्पाचा कालावधी विचारायलाच हवा. सरकारी संशोधन प्रकल्प अनेकदा तीन वर्षांचे असतात आणि पीएचडी पाच वर्षांची. उरलेल्या दोन वर्षांचं काय, याचं उत्तर आधी हवं.

तिसरी म्हणजे शेवटच्या वर्षातले विद्यार्थी. गाइड कसा आहे हे नव्या विद्यार्थ्याला विचारून कळत नाही, कारण तो स्वतःच नवा असतो. थीसिस लिहीत असलेल्या सीनियरला विचारा: मसुदा दिल्यावर किती दिवसांत परत येतो? परीक्षेआधी गाइडने किती वेळ दिला? गेल्या काही वर्षांत कुणी लॅब सोडली का? या प्रश्नांची उत्तरं ठोस असतात. 'सर खूप चांगले आहेत' हे उत्तर ठोस नसतं.

परीक्षेत नेमकं काय विचारतात?

क्वालिफाइंग परीक्षेचं रूप संस्थेप्रमाणे बदलतं. कुठे कोर्सवर्कवर लेखी परीक्षा असते. कुठे आपल्या संशोधनाचा प्रस्ताव लिहून समितीपुढे तोंडी बचाव करायचा असतो. अमेरिकेत काही ठिकाणी तर स्वतःच्या विषयाबाहेरचा प्रस्ताव लिहायला लावतात. समितीत साधारण तीन ते पाच जण असतात. निकाल उत्तीर्ण, काही अटींसह उत्तीर्ण, पुन्हा परीक्षा किंवा अनुत्तीर्ण असा लागतो. पुन्हा बसण्याची संधी बहुधा एकदाच मिळते.

तयारी करताना विद्यार्थी ताजे पेपर पाठ करतात. प्रत्यक्षात अडचण येते ती साध्या प्रश्नांवर. हा तुलना-गट का घेतला? एका गटात किती प्राणी, आणि तेवढेच का? निकाल उलटा आला तर काय निष्कर्ष काढाल?

प्रस्तावात सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे एकावर एक रचलेली उद्दिष्टं. समजा पहिलं उद्दिष्ट आहे 'हे जनुक बंद केल्यावर माशी चढू शकत नाही हे दाखवणे' आणि दुसरं 'ती का चढू शकत नाही याचं कारण शोधणे'. पहिल्याचं उत्तर 'चढू शकते' असं आलं तर दुसरं उद्दिष्ट उरतच नाही, आणि त्यासोबत तीन वर्षांचं कामही. समिती हे पहिल्या पाच मिनिटांत पकडते. उपाय असा की दुसरं उद्दिष्ट पहिल्याच्या कुठल्याही उत्तरावर उभं राहील असं लिहायचं. उदाहरणार्थ, 'हे जनुक मज्जापेशींत कुठे आणि कधी काम करतं ते शोधणे'. चढण्यावर परिणाम होवो न होवो, हा प्रश्न तसाच राहतो.

कॅलेंडर शेवटाकडून भरा

आता तारखा मांडूया. ही एक नमुन्यादाखल मांडणी आहे, तुमच्या संस्थेची नियमपुस्तिका पाहून महिने बदला.

समजा प्रवेश ऑगस्ट २०२६ मध्ये झाला आणि परीक्षा वीस महिन्यांनी, म्हणजे एप्रिल २०२८ च्या मध्यावर आहे. ऐकायला खूप वेळ वाटतो.

दहा-दहा आठवड्यांची तीन रोटेशन आणि मधले काही दिवस धरले तर मार्च २०२७ उजाडतो. दुसऱ्या रोटेशनमध्ये दिवाळी आणि सत्र परीक्षा दोन्ही येतात, म्हणून त्यातले दोन आठवडे आधीच वजा करा आणि त्या रोटेशनसाठी सगळ्यात लहान प्रश्न घ्या. ज्या लॅबमध्ये जावंसं सर्वाधिक वाटतं, ती या काळात ठेवू नका. निवड करून एप्रिल २०२७ पासून लॅबमध्ये काम सुरू झालं, तर परीक्षेला बारा महिने उरतात.

आता उलट मोजा. समितीला प्रस्ताव तीन आठवडे आधी द्यायचा, म्हणजे मार्च २०२८ च्या शेवटच्या आठवड्यात. गाइडला वाचायला आणि तुम्हाला दोनदा सुधारायला वेळ हवा, म्हणून पहिला मसुदा फेब्रुवारीच्या मध्यात. मसुदा लिहायला दोन महिने, म्हणजे प्रश्न आणि उद्दिष्टं डिसेंबर २०२७ च्या मध्यापर्यंत पक्की झालेली हवीत. एप्रिल ते डिसेंबर हे आठ महिने राहिले. त्यातून नवी तंत्रं शिकणं, सुट्ट्या आणि उरलेले कोर्स यांचे दोन महिने काढले तर हातात येतात सहा महिने. प्रस्तावाला आधार देणारे पहिले आकडे या सहा महिन्यांत जमवायचे आहेत.

वीस महिन्यांचे सहा झाले. म्हणूनच रोटेशनचा उपयोग करून घ्यावा लागतो. निवडलेल्या लॅबमध्ये रोटेशनला जे तंत्र शिकलात, ते पुन्हा शिकावं लागत नाही. प्रत्येक रोटेशनच्या शेवटी दोन पानांचं टिपण लिहिलंत, त्यात प्रश्न, तुलना-गट, आलेले आकडे आणि पुढचा प्रयोग मांडलात, तर प्रस्तावाचा पहिला कच्चा आराखडा तिथेच तयार होतो. नको वाटलेल्या दोन लॅबमधली टिपणंही फुकट जात नाहीत, कारण समितीतले सदस्य अनेकदा त्याच लॅबमधले असतात आणि त्यांची विचार करायची पद्धत तुम्हाला आधीच कळलेली असते.

या कॅलेंडरला पैशाचीही एक तारीख आहे. जानेवारी २०२३ पासून जेआरएफचं विद्यावेतन महिना ३७,००० रुपये आणि एसआरएफचं ४२,००० रुपये आहे, घरभाडे भत्ता वेगळा. जेआरएफवरून एसआरएफवर जाणं दोन वर्षांनी आणि कामाचं मूल्यमापन झाल्यावर होतं, आपोआप नाही. आपल्या उदाहरणात ते ऑगस्ट २०२८ मध्ये येतं. एप्रिलची परीक्षा पुढे ढकलली गेली तर हे दोन्ही एकमेकांवर आदळतात.

अमेरिकेत जाणाऱ्यांसाठी काय वेगळं?

तिथे पहिल्या वर्षाचा पैसा बहुधा विभाग किंवा प्रशिक्षण अनुदान देतं. दुसऱ्या वर्षापासून विद्यावेतन आणि शुल्क अनेक ठिकाणी गाइडच्या अनुदानातून जातं. त्यामुळे रोटेशनच्या शेवटी लॅब मिळाली नाही, तर प्रश्न फक्त विषयाचा राहत नाही.

२०२५ मध्ये हा मुद्दा तीव्र झाला. फेब्रुवारीत तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, संशोधन अनुदानातला अप्रत्यक्ष खर्च १५ टक्क्यांवर आणण्याची घोषणा केली. न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, पण अनिश्चिततेमुळे अनेक विद्यापीठांनी पीएचडीचे प्रवेश कमी केले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या चॅन वैद्यकीय महाविद्यालयाने तर मार्चमध्ये दिलेले प्रवेश मागे घेतले.

याचा रोटेशनवर परिणाम असा की लॅब चालू दिसते, गाइडला तुम्ही आवडता, तरीही ते घेऊ शकत नाहीत. म्हणून तिथे पहिल्याच ईमेलमध्ये विचारायचा प्रश्न 'रोटेशन करता येईल का' असा अपुरा आहे. 'पुढच्या वर्षी विद्यार्थी घ्यायला तुमच्याकडे निधी आहे का, आणि सध्याचं अनुदान कधी संपतं' असा पूर्ण प्रश्न विचारावा. तिसऱ्या रोटेशनपर्यंत लॅब न ठरल्यास चौथं रोटेशन मिळतं का, हे विभागाच्या नियमात आधीच वाचून ठेवावं. परीक्षेत दुसऱ्यांदाही अनुत्तीर्ण झालं तर बहुतेक ठिकाणी मास्टर्स पदवी घेऊन बाहेर पडता येतं. पण विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला त्यानंतर देशात राहण्याचा वेगळा आधार शोधावा लागतो, म्हणून ही शक्यताही पहिल्या वर्षीच माहीत असलेली बरी.

पहिल्या आठवड्यात करायचं काम

प्रवेश झाल्यावर पहिल्या आठवड्यात संस्थेची नियमपुस्तिका उघडा आणि तीन गोष्टी कागदावर लिहून काढा: परीक्षेची शेवटची मुदत, पुन्हा बसण्याचा नियम आणि लॅब ठरवण्याची शेवटची तारीख. मग वर दाखवलं तसं शेवटाकडून मोजत या. हातात उरलेले महिने दिसले की रोटेशनला जाताना कुठला प्रश्न मागायचा आणि कुठल्या लॅबला आधी जायचं, हे ठरवणं सोपं होतं.

आणि घरी कुणी 'गाइड कोण?' विचारलं, तर 'मार्चमध्ये ठरेल' असं तारखेसकट सांगता येईल.